छातीतलं आवळणं आणि वहीतल्या दोन नोंदी

"गेल्या काही महिन्यांत चार-पाच वेळा छातीत एकदम आवळल्यासारखं झालं. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं काही नाही, टेन्शन कमी करा. पण पुन्हा तसं झालं की वाटतं, या वेळी खरंच अटॅक असेल तर? दर वेळी हॉस्पिटलात धावायचं का? आणि नाही गेलो नि खरंच निघालं तर? घरच्या घरी ओळखायचं कसं?"

घरच्या घरी, नुसतं काय वाटतंय त्यावरून, खात्रीने ओळखता येत नाही. अनुभवी डॉक्टरांनाही येत नाही. म्हणून तर ते ईसीजी काढतात, रक्त तपासतात आणि काही तासांनी पुन्हा तपासतात. तुम्हाला ओळखता येईल अशी गोष्ट वेगळी आहे: आत्ता जे होतंय ते आधी तपासून झालेल्या त्रासासारखंच आहे, की त्यात काही नवं आहे? हा प्रश्न किती कामाचा असतो, ते माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या एका गृहस्थांच्या अनुभवावरून सांगते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय शेहेचाळीस, पेशाने अकाउंटंट. रक्तदाबाची गोळी चालू. थोरल्या भावाला एकावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक आला आणि तो गेला. त्यानंतर दोनेक महिन्यांनी यांना रात्री पहिला झटका आला. झोप लागता लागता छाती आवळली, धडधड सुरू झाली, हातापायांना मुंग्या आल्या आणि आता आपण संपलो असं वाटलं. बायकोने तातडीने हॉस्पिटलात नेलं. तिथे ईसीजी झाला. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन वाढतं, ते दोनदा तपासलं. सगळं ठीक निघालं. पुढच्या महिन्याभरात आणखी दोन वेळा असंच झालं. तिसऱ्या खेपेला तिथल्या डॉक्टरांनी 'पॅनिक अटॅक' असं निदान लिहून समुपदेशनासाठी पाठवलं.

अशा माणसाशी बोलताना मी भीतीपासून सुरुवात करत नाही. आधी कागद मागते. तपासण्या कोणत्या झाल्या, त्रास चालू असताना झाल्या की ओसरल्यावर, डॉक्टरांनी नेमकं काय लिहिलंय? छातीत पहिल्यांदाच आवळलेला माणूस थेट माझ्याकडे आला, तर तो तरुण असो वा म्हातारा, मी त्याला आधी डॉक्टरांकडे धाडते. छातीचं पहिलं दुखणं समुपदेशकाचं नसतं, आणि ते 'टेन्शनचं असेल' म्हणण्याचा अधिकार मला नाही, तसाच शेजाऱ्यालाही नाही. या गृहस्थांची तपासणी नीट झाली होती. त्यांच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलले आणि मग कामाला लागलो.

अकाउंटंट माणूस, त्यामुळे वही ठेवायला सांगणं सोपं गेलं. पाच रकाने आखले. त्रास सुरू झाला तेव्हा काय करत होतो. तो किती वेळात टिपेला गेला. नेमका कुठे होता, आणि तो दाखवताना एक बोट लागतं की आख्खा तळहात. सोबत आणखी काय झालं. आणि शेवटी, कशाने आणि किती वेळात थांबला. त्यांनी आपणहून सहावा रकाना आखून आणला होता, 'तीव्रता, दहापैकी'. तो मी खोडायला लावला. आवळणं किती जोराचं आहे यावरून ते कशाचं आहे हे कळत नाही. पॅनिकचा झटका माणसाला जमिनीवर बसवू शकतो, आणि खरा हार्ट अटॅक 'जरा जड वाटतंय' एवढ्यावरही सुरू होऊ शकतो. लोक नेमका इथेच घोटाळा करतात. 'फार नाही दुखत, म्हणजे हृदयाचं नसेल' म्हणून घरी थांबलेली माणसं प्रत्येक डॉक्टरने पाहिलेली असतात.

दीड महिन्याच्या नोंदींत एक ठरीव चाल दिसू लागली. झटके यायचे ते बहुतेक रात्री अंथरुणावर, किंवा ऑफिसात स्वस्थ बसलेले असताना. दहा मिनिटांच्या आत टिपेला जायचे आणि अर्ध्या तासात उतरायचे. सोबत बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, डोकं हलकं होणं, हवा पुरत नसल्यासारखं वाटणं. दुखरी जागा डाव्या बाजूला, एका बोटाने दाखवता येईल एवढी. दाबलं की दुखायची आणि झटका गेल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत हुळहुळत राहायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालताना, जिना चढताना, बॅग उचलताना काही म्हणजे काही होत नव्हतं.

हे असं का होतं ते त्यांना सांगून पटेना, म्हणून डॉक्टरांची परवानगी घेऊन एकदा समोरच करून पाहिलं. (ही परवानगी न घेता घरी करून बघू नका.) खुर्चीत बसून एक मिनिट भराभर, खोल श्वास घ्यायचा. चाळीस सेकंद झाले असतील-नसतील, त्यांनी हात वर करून मला थांबवलं. बोटं एकमेकांवर चोळत म्हणाले, "मॅडम, ह्याच मुंग्या. आणि हे बघा, इथे आवळतंय." चेहरा पांढरा पडला होता, पण त्यात भीतीपेक्षा आश्चर्य जास्त होतं. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने मुंग्या येतात, गरगरतं. फासळ्यांमधले स्नायू ताणून धरल्याने छाती आवळते. शरीरात प्राणवायू भरपूर असतो, तरी हवा कमी पडतेय असं वाटतं आणि माणूस आणखी जोरात श्वास ओढतो. त्यात 'हा अटॅक आहे' हा विचार आला की ॲड्रेनलिन वाढतं, धडधड वाढते, आणि ती धडधडच पुरावा वाटू लागते.

यानंतर त्यांच्या डॉक्टरांनी, त्यांनी आणि मी मिळून खिशात मावेल असं एक कार्ड तयार केलं. ठरवलं असं: त्रास वहीतल्या चालीसारखाच असेल, बसल्या जागी सुरू झाला असेल आणि धोक्याची एकही खूण सोबत नसेल, तर बसून राहायचं, श्वास सावकाश बाहेर सोडायचा आणि घड्याळ बघायचं. दहा मिनिटांत उतरणीला लागला नाही तर ॲम्ब्युलन्स. चालीबाहेरचं काहीही दिसलं तर दहा मिनिटांची सवलत नाही, लगेच ॲम्ब्युलन्स. ही दहा मिनिटं त्यांच्या तपासण्या बघून त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना दिलेली होती. ती तुम्ही परस्पर स्वतःला देऊ नका.

पुढचे दोन-अडीच महिने बरे गेले. झटके विरळ झाले, हॉस्पिटलची वारी बंद झाली. मग एका दुपारी ते आले, वही पुढे सरकवली आणि हसत म्हणाले, "या आठवड्यात दोनच. दोन्ही श्वासावर घालवले."

नोंदी अशा होत्या. सोमवार: 'ऑफिसचा जिना, दुसरा मजला. छाती जड. मध्यभागी. कठड्याला धरून थांबलो, श्वासाचा व्यायाम केला. तीन मिनिटांत गेलं.' गुरुवार: 'स्टेशनकडे भराभर चालताना. तेच. जबड्यात पण. थांबून श्वास. दोन-तीन मिनिटं.' शेरा दोन्हीकडे एकच, 'टेन्शन. लेखापरीक्षण जवळ आलंय.'

मी त्यांना विचारलं, "जागा दाखवा." त्यांनी आख्खा तळहात छातीच्या मधोमध ठेवला. "मुंग्या?" नव्हत्या. "दाबून दुखत होतं?" नाही. "श्वासाचा व्यायाम चालता चालता केलात की उभं राहून?" उभं राहून, अर्थात.

सगळं या शेवटच्या उत्तरात होतं. त्यांना वाटत होतं, श्वासाने थांबलं. पण श्वास मोजायला ते उभे राहिले होते, आणि थांबवलं ते त्या उभं राहण्याने. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असला की श्रम केल्यावर हृदयाला लागणारं रक्त पुरत नाही आणि छातीत दाब येतो. श्रम थांबवले की मागणी कमी होते आणि दाब काही मिनिटांत जातो. याला अंजायना म्हणतात. चालीने उलटा असलेला, श्रमाने येणारा आणि विसाव्याने जाणारा हा दुसराच त्रास, त्याच माणसात, त्याच वहीत, त्याच शेऱ्याखाली येऊन बसला होता.

त्यांना ते पटत नव्हतं. "पण मॅडम, खरंच टेन्शनमध्ये होतो हो त्या दिवशी." असतील. त्याने काही सिद्ध होत नाही. ताणाने नाडी आणि रक्तदाब वाढतात, त्यामुळे ताण हेच अंजायनाचंही निमित्त होऊ शकतं. 'आधी भांडण झालं, मग छातीत दुखलं, म्हणजे मनाचं' हा हिशेब इथे चालत नाही. दुसरा मुद्दा त्यांनी काढला तो नॉर्मल रिपोर्टचा. ईसीजी त्या वेळेपुरतं सांगतो. अंजायना असलेल्या माणसाचा, त्रास नसतानाचा, ईसीजी अगदी सरळ येऊ शकतो. टूडी इको हृदयाची हालचाल आणि झडपा दाखवतो, रक्तवाहिन्यांतला अडथळा थेट दाखवत नाही. शिवाय ते रिपोर्ट जुन्या त्रासाचे होते. हा त्रास तपासलाच गेला नव्हता.

सत्र तिथेच थांबवलं. त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. नव्यानेच सुरू झालेला आणि आठवड्यात दोनदा आलेला अंजायना डॉक्टर थांबण्याजोगा मानत नाहीत. 'पुढच्या आठवड्यात दाखवा' असं ते म्हणालेच नाहीत, 'आत्ता आपत्कालीन विभागात पाठवा' म्हणाले. बायको येईपर्यंत मी त्यांना खुर्चीतून उठू दिलं नाही. त्या वेळी दुखत नव्हतं म्हणून गाडीने गेले. दुखत असतं तर ॲम्ब्युलन्सच बोलावली असती.

अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली निघाली. स्टेंट बसला. हार्ट अटॅक येऊन गेलेला नव्हता.

पंधरवड्याने भेटले तेव्हा पहिलाच प्रश्न: "म्हणजे आधीचंही सगळं हृदयाचंच होतं का? तुम्ही सगळ्यांनी मला टेन्शन टेन्शन म्हणून..." प्रश्न रास्त होता. हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना सांगितलं की रात्रीचे, मुंग्यांचे, जिना चढताना कधीच न आलेले झटके पॅनिकच्या चित्रात बसतात, त्या अरुंद वाहिनीच्या चित्रात नाही. आणि घडलंही तसंच. स्टेंटनंतर तिसऱ्याच आठवड्यात रात्री पुन्हा झटका आला. मुंग्या, धडधड, एका बोटाची जागा. ते हॉस्पिटलात गेले, आणि बरोबरच केलं. सगळं ठीक निघालं. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, ही गोष्ट फार थोड्या लोकांच्या मनात येते. पॅनिकचं निदान झालं म्हणजे हृदयाला सूट मिळाली असं नाही. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, घरात कमी वयात हृदयविकार यांपैकी काही असेल तर मुळीच नाही.

आता लगेच कधी जायचं, याकडे येते. छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा, आवळणं किंवा जळजळ असेल आणि विसावा घेऊनही ती जात नसेल, थांबून थांबून परत येत असेल. ती हाताकडे, खांद्याकडे, पाठीत, मानेत, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात पसरत असेल. सोबत थंड घाम, मळमळ, उलटी, धाप किंवा भोवळ असेल, तर ॲम्ब्युलन्स बोलावायची. यांतल्या किती खुणा जुळल्या हे मोजत बसायचं नाही. बेशुद्ध पडणं, पाठीत फाटल्यासारखी एकाएकी उठलेली कळ, एका पायाला सूज येऊन अचानक धाप लागणं, यांचा हृदयवाहिनीशी संबंध असेलच असं नाही, पण तीही तितकीच तातडीची दुखणी असू शकतात. श्रमाने येऊन विसाव्याने जाणारा नवा त्रास गेला तरी त्याच दिवशी दाखवायचा. कमी चालण्यावर येऊ लागला, जास्त वेळ टिकू लागला किंवा बसल्या जागी आला, तर पुन्हा ॲम्ब्युलन्सच.

बायका, वयस्क माणसं आणि मधुमेह असलेले यांच्याबाबत जरा जास्तच सावध राहा. त्यांना छातीत फारसं न दुखताही हार्ट अटॅक येतो. नुसती धाप, न समजणारा थकवा, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, एवढंच दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना घरात 'तू फार विचार करतेस' हे इतक्या वेळा ऐकवलेलं असतं की धाप लागली तरी त्या आधी स्वतःचा स्वभाव तपासतात.

घरी करून बघायच्या काही परीक्षा लोक मला उत्साहाने सांगतात. ॲसिडिटीची गोळी घेऊन बघितली, बरं वाटलं, म्हणजे ॲसिडिटी. तसं नसतं, हृदयाचं दुखणंही आपसूक ओसरतं आणि श्रेय गोळीला जातं. दाबून दुखलं म्हणजे स्नायूचं, हे बऱ्याचदा खरं असतं, पण त्याने हृदय निर्दोष ठरत नाही. मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके आणि लय दाखवतं. हार्ट अटॅक आहे की नाही हे ते सांगू शकत नाही, त्यामुळे त्यावर 'नॉर्मल' दिसलं म्हणून पुन्हा पांघरूण ओढू नका. फोनवर फिरणारा 'अटॅक आला की जोरजोरात खोकत राहा' हा सल्ला तर सोडूनच द्या. खोकत बसण्यात गेलेली मिनिटं फोन करण्यात गेली असती तर बरं. कागदी पिशवीत श्वास घेण्याची जुनी युक्तीही नको. त्रास हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असेल तर तिने प्राणवायू आणखी कमी होतो. आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ॲस्पिरिन चघळायला फोनवरच्या आरोग्यसेवकाने किंवा डॉक्टरांनी सांगितलं तर चघळा. सगळ्यांना ते चालत नाही.

राहिलं 'दर वेळी धावायचं का'. डॉक्टरांनी तपासून झालेला, चालीतलाच झटका असेल तर नाही. दर वेळी धावलं की तात्पुरता जीव शांत होतो, पण मेंदू असं शिकतो की आपण हॉस्पिटलात गेलो म्हणून वाचलो, आणि पुढच्या झटक्याची भीती तशीच राहते. म्हणून वही, म्हणून डॉक्टरांबरोबर आधीच ठरवलेला नियम. झटका चालू असताना नियम बनवता येत नाही, तो शांतपणी बनवावा लागतो. पण चाल ओळखू येत नसेल, शंका असेल, तर जा. चुकून दहा वेळा गेल्याची किंमत म्हणजे वेळ, पैसा आणि थोडी लाज. चुकून एकदा न गेल्याची किंमत त्याच मापात मोजता येत नाही.

गेल्यावर बोलायचं कसं, हेही मी माझ्या लोकांकडून घोटून घेते. आत शिरल्या शिरल्या "मला पॅनिक अटॅक येतात" हे पहिलं वाक्य नको. ते ऐकलं की समोरचा माणूस नकळत सैल पडू शकतो. आधी सांगा: छातीत दाब आहे, इतक्या वाजता सुरू झाला, तेव्हा मी हे करत होतो, तो इथे पसरतोय. मग रक्तदाब, मधुमेह, घरचा इतिहास, चालू गोळ्या. पॅनिकचं निदान त्यानंतर, पण लपवू नका. 'हे नेहमीपेक्षा वेगळं आहे' असं वाटत असेल तर याच शब्दांत सांगा आणि वेगळं काय तेही सांगा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर थांबायला सांगत असतील, काही तासांनी पुन्हा ट्रोपोनिन आणि ईसीजी करू म्हणत असतील, तर घरी जायची घाई करू नका. हार्ट अटॅकच्या सुरुवातीला दोन्ही नॉर्मल असू शकतात. आणि आधीच्या ईसीजीचा स्वच्छ फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नवा ईसीजी कशासारखा असायला हवा हे कुठल्याही पुस्तकापेक्षा तुमचा स्वतःचा जुना ईसीजी डॉक्टरांना नेमकं दाखवतो.